तीनशेनंतरची उत्तरपत्रिका

परीक्षा संपल्या की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे केंद्रीय मूल्यांकन केंद्रात येऊन पडतात आणि दरवर्षीप्रमाणे मानधनाच्या दराची कुजबुज सुरू होते. या कुजबुजीत दर किती, याचीच चर्चा अधिक होते. दर कसा बांधला आहे, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. प्रत्येक उत्तरपत्रिकेमागे ठराविक रक्कम आणि एक मर्यादा ओलांडली की पुढच्या प्रत्येक उत्तरपत्रिकेला कमी रक्कम, अशी एक पद्धत परीक्षांच्या कारभारात आढळते. वरवर पाहता ती निरुपद्रवी वाटते. काटकसरीला काटकसर होते आणि अधाशीपणाने गठ्ठे उचलणाऱ्या परीक्षकाला आळाही बसतो, असे तिचे दुहेरी समर्थन केले जाते. या समर्थनात तथ्य किती, हे तपासून पाहिले पाहिजे, कारण या घसरत्या दराची किंमत परीक्षक देत नाही. ती विद्यार्थी देतो.

हिशेब सोपा व्हावा म्हणून काही आकडे गृहीत धरू. पहिल्या ३०० उत्तरपत्रिकांना प्रत्येकी २० रुपये आणि त्यापुढे प्रत्येकी १५ रुपये असा दर आहे, असे समजा. परीक्षक एका उत्तरपत्रिकेला बारा मिनिटे देतो. म्हणजे तासाला पाच उत्तरपत्रिका आणि शंभर रुपये. तीनशे एकाव्या उत्तरपत्रिकेपासून त्याच बारा मिनिटांचे मोल उतरते आणि तासाची कमाई ७५ रुपयांवर येते. ती पुन्हा शंभरावर न्यायची असेल, तर एक उत्तरपत्रिका नऊ मिनिटांत हातावेगळी करावी लागते. तीन मिनिटांचाच फरक, असे कोणी म्हणेल. परंतु ही तीन मिनिटे कोठून कापली जातात? मुखपृष्ठावर प्रश्नवार गुण उतरविणे, बेरीज करणे, ती गुणपत्रकात भरणे, सही करणे, पुरवण्या मोजणे या यांत्रिक कामाला तीन मिनिटे लागतात असे धरले, तर त्यात कपात करता येत नाही. बेरीज चुकली तर ती दुसऱ्याच दिवशी पकडली जाते. कात्री लागते ती वाचनाच्या नऊ मिनिटांना, आणि तेथे सहाच उरतात. सहा दीर्घोत्तरी प्रश्न असतील, तर प्रत्येक उत्तराला दीड मिनिटाऐवजी एक मिनिट मिळते. दर चतुर्थांशाने उतरला आणि वाचन तृतीयांशाने घटले. या पद्धतीचे खरे वर्म येथे आहे.

असे प्रत्येक परीक्षक करतो, असा आरोप येथे नाही. रात्री घरी जाण्याऐवजी केंद्रात बसून शेवटचे उत्तरही पहिल्याइतक्याच कसोशीने वाचणारे शिक्षक महाराष्ट्रात आहेत. प्रश्न आहे तो त्यांच्या सचोटीला दंड ठोठावणाऱ्या दरपत्रकाचा. जो सावकाश वाचतो त्याची तासाची कमाई घटते, जो पाने उलटतो त्याची टिकते.

नगावर मजुरीची मीमांसा करताना मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात एक गोष्ट दाखवून दिली होती. या पद्धतीत कामाची प्रत कामावरूनच तपासली जाते, म्हणून मालकाला देखरेखीचा खर्च फारसा पडत नाही. विडी कामगाराला हे पुस्तक न वाचताही ठाऊक असते. हजार विड्यांची मजुरी घ्यायला गेल्यावर कारखानदाराचा माणूस समोरच छाट काढतो. विडी सैल आहे की घट्ट, हे हाताला कळते. पण एखादे उत्तर वाचले गेले की नुसते पाहिले गेले, हे उत्तरपत्रिकेवरून कसे कळणार? दोन्ही ठिकाणी तांबड्या शाईची तीच खूण असते. नियामक तपासतो ते गठ्ठ्यातले थोडे नमुने. ज्या कामाची प्रत डोळ्यांना दिसत नाही, त्याला नगावर मजुरी लावणे मुळातच धोक्याचे आहे. तीही मर्यादेनंतर उतरती लावणे म्हणजे तो धोका स्वतःहून वाढविणे होय.

कारखान्यात तर न्याय नेमका उलट आहे. ठराविक तासांपलीकडच्या कामाला दुप्पट दराने वेतन द्यावे, असे बंधन १९४८ च्या कारखाना कायद्याने घातले. नगावर काम करणाऱ्यालाही सरासरी कमाई काढून त्यात सामावून घेतले. २०२० च्या श्रमसंहितेने कामगारांचे बरेच काही हिरावले, तरी दुप्पट दराचे हे तत्त्व राहिले आहे. थकलेल्या माणसाचा पुढचा तास त्याला अधिक महाग पडतो, एवढीच त्यामागची साधी जाण आहे. गिरणीतल्या विणकराला लागू होणारी ही जाण प्राध्यापकाच्या बाबतीत कशी विसरली जाते?

यावर एक गंभीर आक्षेप आहे. तेच प्रश्न वारंवार तपासल्याने हात बसतो, वेग वाढतो, म्हणून पुढच्या उत्तरपत्रिकांना कमी दर न्याय्यच आहे, असे म्हटले जाते. हात बसतो हे खरे. परंतु तो बसतो पहिल्या वीस-तीस उत्तरपत्रिकांत, आदर्श उत्तरसूची अंगवळणी पडेपर्यंत. त्यानंतर वेग स्थिरावतो आणि पुढे थकवाच वाढतो. हा युक्तिवाद प्रामाणिक असेल, तर पहिल्या तीस उत्तरपत्रिकांना जादा दर द्यावा लागेल. तीनशेच्या रेषेला त्यातून कोणताच आधार मिळत नाही.

राहिला अधाशीपणाचा मुद्दा. किती गठ्ठे तपासायचे, हे बहुतेक वेळा परीक्षकाच्या मर्जीवर नसते. परीक्षेच्या कामात साहाय्य करणे महाराष्ट्रातील शिक्षकांवर कायद्याने बंधनकारक आहे. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा असतो. दुसरीकडे पदे रिकामी आहेत. मग उपस्थित परीक्षकांवर गठ्ठे येऊन पडतात. संख्या त्याच्या हाती नसते. हाती असतात ती फक्त मिनिटे. शिवाय मर्यादेपलीकडे जाऊन तपासणारा कोण असतो? कायम नोकरीतल्या, पूर्ण वेतनश्रेणी मिळविणाऱ्या प्राध्यापकाला या मानधनाचे फारसे अप्रूप नसते. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण शिक्षकाला मात्र ते हवे असते, आणि उतरत्या दराचा भारही त्याच्याच माथी येतो. त्याचे देयकही वेळेवर निघतेच असे नाही.

आणि काटकसर तरी किती होते? वरच्याच उदाहरणात एकाने ४५० उत्तरपत्रिका तपासल्या, तर एकाच दराने ९००० रुपये झाले असते. उतरत्या दराने ८२५० होतात. दीडशे विद्यार्थ्यांमागे साडेसातशे रुपये वाचले, म्हणजे माणशी पाच रुपये. त्यातल्या ज्यांना आपले गुण अविश्वसनीय वाटतात, ते छायाप्रतीसाठी आणि पुनर्मूल्यांकनासाठी पदरचे शुल्क भरतात. ज्यांच्यापाशी ते नसते, ते गप्प बसतात.

परीक्षकाला आवर घालायचाच असेल, तर दराला हात न लावता दिवसाला किती उत्तरपत्रिका तपासाव्यात यावर बंधन घालावे. दर मात्र पहिल्या उत्तरपत्रिकेपासून शेवटच्यापर्यंत एकच असावा. बंधन पाळले जाते की नाही हे कळण्याची सोयही आता आहे. पडद्यावर तपासणी होते तेथे प्रत्येक उत्तरपत्रिका किती वेळ उघडी होती याची नोंद ठेवता येते. मुंबई विद्यापीठात २०१७ साली ही पद्धत घाईने आणल्यामुळे निकाल कमालीचे रखडले, म्हणून ती नोंद निरुपयोगी ठरत नाही. कागदी तपासणीतही नियामकाला नमुने गठ्ठ्याच्या वरून घेण्याऐवजी तीनशेच्या पुढून घेता येतील, आणि दोन्ही भागांतील गुणांची सरासरी व पसारा शेजारी ठेवून पाहता येईल. पुढच्या भागात गुण मध्यावरच गोळा झालेले दिसले, फार कमी आणि फार जास्त असे दोन्ही गुण विरळ झाले, तर वाचन थांबून अंदाज सुरू झाला असा संशय घ्यायला जागा आहे. मानधनाचे पुढचे दरपत्रक अधिसभेपुढे अंदाजपत्रकाबरोबर येईल, तेव्हा पुरोगामी सदस्यांनी ही तुलना सभागृहाच्या पटलावर ठेवण्याची मागणी करावी आणि 'मर्यादेनंतरचा दर' हा रकानाच वगळण्याची सूचना मांडावी.