खालांना सगळं का आठवत नाही?

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीच्या भूकंपाची ही वेळ लातूर-उस्मानाबादच्या माणसाला कुणी पाठ करून द्यावी लागत नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याची जड छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे दहा हजार जीव गेले.

माझ्या एक खाला तेव्हा किल्लारीजवळच्याच एका खेड्यात होत्या. ढिगाऱ्याखालून त्यांना जिवंत काढलं. आजही त्या सांगतात, तेव्हा पितळी तांब्या फरशीवर गडगडत गेल्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो, इतकं ते स्पष्ट असतं. तोंडात गेलेल्या मातीची चवही त्या सांगतात. पण बाहेर कुणी काढलं? किती वेळ आत होतात? कधी म्हणतात तासभर, कधी म्हणतात दुपार झाली होती. मागच्या ईदला घरातला एक मुलगा हसून म्हणाला, "खाला, दरवेळी गोष्ट बदलते तुमची!" खाला गप्प झाल्या. त्यानंतर त्यांनी तो विषय काढलेला नाही.

त्या खोटं बोलत नव्हत्या. जिवावर बेतलेल्या प्रसंगाची आठवण बऱ्याचदा अशीच असते. काही तुकडे लख्ख, मधली जागा रिकामी.

आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना, कानाच्या आतल्या अंगाला, बदामाएवढा एक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका दिसताच तो शरीराला सावध करतो. अॅड्रेनालिनसारखी द्रव्यं वाढतात, छाती धडधडते. त्याच वेळी तो शेजारच्या हिप्पोकॅम्पसला जणू सांगतो, "हे पक्कं करून ठेव." आठवण घडताक्षणी पक्की होत नाही, तिला काही तास लागतात. त्या काळात अमिग्डालाचा हा जोर कामी येतो.

१९९४ साली अमेरिकेत लॅरी केहिल आणि जेम्स मॅकगॉ यांनी हे तपासलं. काही लोकांना चित्रं दाखवून एका मुलाच्या भीषण अपघाताची गोष्ट सांगितली. त्याआधी काहींना अॅड्रेनालिनचा परिणाम रोखणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी दिली होती, तर काहींना औषध नसलेली. आठवड्यानंतर विचारलं. औषध नसलेल्यांना अपघाताचा भाग इतर भागांपेक्षा जास्त आठवला. प्रोप्रॅनोलॉल घेतलेल्यांमध्ये ही वाढ दिसलीच नाही, साधा भाग मात्र दोघांना सारखाच आठवला. म्हणजे भावनेचा जोर काढून घेतला की आठवणीचा जादा पक्केपणाही जातो.

मग तुकडे का? कारण पक्कं तेवढंच होतं, जेवढ्यावर लक्ष असतं. जीव धोक्यात असताना लक्ष एका चिंचोळ्या जागेत अडकतं. खालांचं लक्ष तांब्याच्या आवाजात अडकलं. आजूबाजूचं मनात नीट शिरलंच नाही. शिवाय कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर, कुठं घडली, ही सांगड हिप्पोकॅम्पस घालतो आणि फार मोठ्या ताणात त्याचं काम बिघडू शकतं. अर्थात सगळ्यांचं असंच होतं असं नाही. बऱ्याच जणांना मुख्य घटना सलग आठवते, आणि तुकडे किती वेळा पडतात याबद्दल तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे.

याची दुसरी बाजूही सांगते. आठवण लख्ख आहे म्हणून ती अचूक असतेच असं नाही. त्या पहाटे आमचं नांदेडचं घरही हादरलं होतं. मी तेव्हा शाळेत होते. अब्बा टॉर्च घेऊन दारात उभे होते, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर कायम आहे. दोन वर्षांपूर्वी अम्मी म्हणाल्या, "अगं, तुझे अब्बा त्या रात्री परभणीला होते. टॉर्च माझ्या हातात होती." माझा विश्वास बसेना! भीती खरी होती, हादरा खरा होता. माणूस मात्र नंतर कधीतरी माझ्याच मनानं तिथं उभा केला.

म्हणून घरात असं कुणी असेल, तर त्यांना उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू नका. "मग लगेच मामूंनी काढलं ना?" असं सुचवूही नका. रिकाम्या जागेत आपण भरलेला शब्द पुढच्या वेळी त्यांची आठवण होऊन बसतो. "तुम्हाला जे आठवतं ते सांगा," एवढंच म्हणा आणि ऐका. वेळ आणि क्रम हवाच असेल तर तो शेजाऱ्यांकडून किंवा जुन्या कागदांवरून जुळवा. आणि इतक्या वर्षांनीही जड ट्रक गेला की कुणी दचकून घराबाहेर धावत असेल, रात्र रात्र झोपत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. यावर उपचार आहेत.

या ईदला मी खालांजवळ बसून एवढंच म्हटलं, "तो तांब्याचा आवाज कसा होता, खाला?" त्या बराच वेळ बोलत राहिल्या.