थैलीतील पैसा आणि खात्यातील पैसा

आपल्या घामाचा पैसा आपल्याच हाताने मोबाइलमधील वॉलेटमध्ये भरला, आणि आता त्यातले तीन हजार रुपये गावी आईला पाठवू म्हटले तर यंत्र नकार देते; हा कोणता न्याय? अशा आशयाची तक्रार अलीकडे वारंवार कानी येते. तक्रार करणाऱ्याचा संताप आम्हांला समजतो. परंतु या तक्रारीत दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते, आणि ती दूर झाल्याखेरीज दोष कोणाचा हे ठरविता येणार नाही. एका पडद्यावर, एकाच रंगाच्या चौकटीत दोन प्रकारचे पैसे नांदत असतात. एक असतो आगाऊ भरलेल्या थैलीतला आणि दुसरा असतो बँकेच्या खात्यातला. दोन्ही ठिकाणी दुकानदाराला पैसे पोहोचल्याचा आवाज सारखाच येतो. परंतु त्या आवाजामागील व्यवहार मात्र सर्वस्वी भिन्न असतो.

प्रथम थैलीचा विचार करू. वॉलेटमध्ये आपण पाचशे रुपये भरतो त्या क्षणी ते आपल्या बँकखात्यातून निघून जातात. आता आपल्यापाशी उरते ते वॉलेट काढणाऱ्या संस्थेचे एक वचन: ‘तुमचे पाचशे रुपये आमच्याकडे जमा आहेत, तुम्ही सांगाल त्या दुकानदाराला ते देऊ.’ ही संस्था बँक नसेल तर असा जमलेला पैसा तिला स्वतःच्या धंद्यात वापरता येत नाही. तो एखाद्या अनुसूचित व्यापारी बँकेतील स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवावा, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. हे संरक्षण मोलाचे आहे. तथापि ही रक्कम ठेव नव्हे. तिच्यावर व्याज मिळत नाही. बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत जो विमा असतो, तोही अशा कंपनीच्या वॉलेटमधील शिलकीला वॉलेटधारकाच्या नावे लाभत नाही.

बँकखात्याशी जोडलेल्या यूपीआयची गोष्ट वेगळी. तेथे मोबाइलमधील ॲप हे केवळ निरोप्याचे काम करते. पैसा ॲपमध्ये कधीच येत नाही. तो बँकेत, आपल्या बचतखात्यात असतो आणि तेथेच त्यावर व्याज चढत असते. आपण पिन टाकला की बँकेला हुकूम जातो आणि रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जमा होते. निरोप्या बदलला तरी तिजोरी जागच्या जागी राहते.

हा भेद पुस्तकी नाही, हे २०२४ साली सर्व देशाने पाहिले. त्या वर्षीच्या ३१ जानेवारीस रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, आणि पुढे वाढवून दिलेल्या मुदतीनुसार १५ मार्चनंतर त्या बँकेच्या वॉलेटमध्ये नवी रक्कम भरणे बंद झाले. शिल्लक असलेला पैसा वापरण्याची वा काढून घेण्याची मोकळीक मात्र राहिली. परंतु त्याच ॲपमधून ज्यांनी दुसऱ्या बँकांतील आपली खाती यूपीआयने जोडली होती, त्यांचा व्यवहार अन्य बँकांच्या साहाय्याने पुढे चालू राहिला. ॲप तेच होते आणि हातातला मोबाइलही तोच. फरक होता तो पैसा कोणापाशी आहे एवढाच.

आपला पैसा यांपैकी कोणत्या प्रकारचा, हे ओळखण्यास एक सोपी कसोटी आहे. बँकेचे पासबुक उघडून पाहावे. भाजी, चहा, रिक्षा, औषधे असा प्रत्येक खर्च तेथे वेगवेगळा नोंदलेला दिसला, तर तो खात्यातून झालेला आहे. त्याऐवजी ‘पाचशे रुपये’ अशी वॉलेट-संस्थेच्या नावे एकच नोंद दिसली आणि पुढचा सारा खर्च पासबुकात नाहीच असे आढळले, तर तो थैलीतून झालेला आहे.

आता मर्यादेच्या प्रश्नाकडे वळू. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जी नियमावली काढली, तिने वॉलेटचे दोन मुख्य वर्ग केले. पहिला वर्ग किमान माहितीवर मिळणाऱ्या लहान वॉलेटचा आणि दुसरा संपूर्ण केवायसीचा, म्हणजे धारकाची ओळख रीतसर पडताळून दिलेल्या वॉलेटचा. लहान वॉलेट काढण्यास ओटीपीने खातरजमा झालेला मोबाइल क्रमांक, आपण स्वतः सांगितलेले नाव आणि एखाद्या अधिकृत ओळखपत्राचा क्रमांक एवढे पुरते. ते ओळखपत्र खरोखर समोरच्या माणसाचेच आहे काय, हे कोणी पाहिलेले नसते.

उदाहरणादाखल पुण्याच्या एखाद्या उपाहारगृहात काम करणारा तरुण घेऊ. त्याने कोपऱ्यावरच्या दुकानात रोख भरून चालणारे लहान वॉलेट काढले. महिन्याच्या तीन तारखेस त्याने सहा हजार रुपये भरले आणि पंधरवड्यात साडेचार हजार खर्च केले. थैलीत दीड हजार उरले. अठरा तारखेस तो आणखी पाच हजार भरू पाहतो, तेव्हा नकार मिळतो. शिल्लक तर साडेसहा हजारच होणार होती, मग नकार का? कारण मर्यादा केवळ शिलकीवर नाही. शिल्लक कोणत्याही क्षणी १०,००० रुपयांहून अधिक असू नये, हा एक नियम. आणि एका महिन्यात एकूण भरणा १०,००० रुपयांहून अधिक होऊ नये, हा दुसरा. त्याने सहा हजार आधीच भरलेले असल्यामुळे आता चारच हजार भरता येतील. अशा रोख भरण्याच्या वॉलेटमधून महिन्याचा खर्चही दहा हजारांपुढे जाऊ शकत नाही.

याच तरुणाला आईकडे तीन हजार पाठवावयाचे आहेत. येथे मर्यादा ओलांडण्याचा प्रश्नच नाही. लहान वॉलेटमधून दुसऱ्या व्यक्तीला एक रुपयाही पाठविता येत नाही आणि रोख काढताही येत नाही. त्यातून फक्त वस्तू व सेवा विकत घेता येतात. शिवाय रोख भरण्याची सोय असलेले हे वॉलेट काढल्यापासून २४ महिन्यांच्या आत संपूर्ण केवायसीमध्ये रूपांतरित करावे लागते. तसे न केल्यास नवा भरणा बंद होतो; उरलेली शिल्लक मात्र खर्च करता येते.

हे निर्बंध जाचक आहेत, पण निर्हेतुक नाहीत. आम्ही काही वर्षे वर्गात हजेरी घेतली आहे. मान खाली घालून नावे पुकारीत गेले म्हणजे मागच्या बाकावरून गैरहजर मित्राच्या नावे ‘हजर’ असा आवाज सहज येतो. शिक्षकाने मान वर करून चेहरा पाहिला की तो आवाज बंद होतो. किमान माहितीचे वॉलेट म्हणजे मान खाली घालून घेतलेली हजेरी होय. दहा सिमकार्डे मिळवून दहा नावांनी दहा थैल्या उघडणारा लबाड तिच्यात सामावू शकतो. म्हणून नियमाने असा विचार केला की, माणूस अनोळखी असेल तर त्याच्या हातून होऊ शकणारा अपाय तरी लहान राहावा, आणि त्याचा पैसा जेथे पोहोचतो ते टोक ओळखीचे असावे. दुकानदाराची नोंद व्यवस्थेत झालेली असते. म्हणून खरेदीला मुभा. एका अनोळखी थैलीतून दुसऱ्या अनोळखी थैलीत पैसा जाऊ लागला, तर फसवणुकीने मिळविलेल्या रकमेचा माग चार उड्यांत पुसला जाईल. म्हणून हस्तांतरास बंदी.

हे तत्त्व दुसऱ्या एका तरतुदीतही दिसते. लहान वॉलेटचाच आणखी एक प्रकार असा आहे की, त्यात रोख भरता येत नाही. पैसा बँकखाते, क्रेडिट कार्ड किंवा संपूर्ण केवायसी झालेले वॉलेट यांतूनच यावा लागतो. त्याला २४ महिन्यांची अट नाही आणि मासिक खर्चाची मर्यादाही नाही. कारण येथे पैसा आला कोठून हे ठाऊक असते आणि गेला कोठे हेही ठाऊक असते. जेथे ओळख अधिक, तेथे बंधन कमी, हाच या साऱ्या नियमांचा धागा आहे.

म्हणून ओळखीची पडताळणी होताच मर्यादा एकदम रुंदावते. कागदपत्रे आणि माणूस यांची गाठ प्रत्यक्ष किंवा संस्थेच्या अधिकाऱ्यासमोर चित्रसंवादाद्वारे घातली गेली की शिलकीची मर्यादा दहा हजारांवरून २,००,००० रुपयांवर जाते. आमच्या त्या तरुणाने आईचे नाव आधी नोंदवून ठेवले, तर तिला महिन्यास दोन लाखांपर्यंत पाठविता येतात. न नोंदविलेल्या व्यक्तींसाठी ही मर्यादा दहा हजारच राहते. बँकेतर संस्थेच्या वॉलेटमधून एका वेळी दोन हजार आणि महिन्यास दहा हजार रुपये रोखही काढता येतात. बँकखात्याला असल्या पायऱ्या सहसा चढाव्या लागत नाहीत, याचे कारण खाते उघडतानाच बँकेने ही ओळख करून घेतलेली असते. यूपीआयची मोकळीक ही त्या जुन्या पडताळणीचेच फळ होय.

तेव्हा मर्यादा घातल्याबद्दल आम्ही रिझर्व्ह बँकेस दोष देणार नाही. आमचा आक्षेप आहे तो वॉलेट-संस्थांच्या मौनाला. थैली उघडताना ‘एका मिनिटात सुरू करा’ हे मोठ्या अक्षरांत सांगितले जाते. पण ही थैली लहान वर्गाची आहे, तीतून कोणाला पैसे पाठविता येणार नाहीत, अमुक तारखेनंतर भरणा बंद होईल, या गोष्टी कंटाळवाण्या अटींच्या अरण्यात दडलेल्या असतात. वॉलेटचा वर्ग, महिन्याचा उरलेला भरणा आणि मुदतीची तारीख या तीन गोष्टी शिलकीच्या आकड्याशेजारीच, मराठीत, दिसल्या पाहिजेत, अशी आमची मागणी आहे.

या मौनाचा लाभ कोणाला होतो? ‘तुमची केवायसी संपली, आज रात्री पैसे बुडतील, आलेला क्रमांक सांगा’ असे दूरध्वनीवरून धमकावणाऱ्या ठगाला होतो. ज्याला नियम ठाऊक आहे तो या धमकीने घाबरणार नाही. केवायसी राहिली तर भरणा थांबतो. शिल्लक रात्रीत बुडत नाही. आणि पिन हा पैसे देण्यासाठी अथवा शिल्लक पाहण्यासाठी असतो, ओळख पटविण्यासाठी कधीच नसतो. केवायसीसाठी पिन किंवा फोनवर ओटीपी मागणारा माणूस हा ठगच समजावा. आणि पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. वॉलेटवाल्यांनी हे दोन नियम आपल्या पहिल्याच पानावर छापले, तर त्या उपाहारगृहातील तरुणाचे तीन हजार रुपये ठगाकडे न जाता आईकडे पोहोचतील.