उकळलं म्हणजे शुद्ध झालं, असं नाही

उन्हाळा लागला की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं. "दूध जरासं आंबूस लागतंय, चांगलं खळखळून उकळा, चहाला चालेल." टाकून द्यायला जीव होत नाही, हे खरंच. पण माझं मत स्पष्ट आहे. उकळल्याने जंतू मरतात, मात्र मरण्याआधी त्यांनी दुधात जे सोडलं ते बहुतेकदा तसंच राहतं.

दूध आंबतं म्हणजे काय, हे आधी बघू. जंतू दुधातली साखर खातात आणि आम्ल तयार करतात. आम्ल थोडंच वाढलेलं असेल तर गार दूध दिसायला चांगलं असतं, पण गॅसवर ठेवलं की फाटतं. म्हणूनच संकलन केंद्रावर नळीत थोडं दूध घेऊन उकळत्या पाण्यात पाच मिनिटं धरतात, आणि कण दिसले की कॅन परत करतात. या फाटण्याने माणूस आजारी पडत नाही. आपण लिंबू पिळून पनीर करतो तेव्हाही दूध फाटतंच. पण आपोआप फाटलेलं दूध सांगत असतं की इथे कितीतरी तास जंतू वाढत होते. ते कोणते होते, हे मात्र चव सांगत नाही.

त्यातला एक आपल्या गोठ्यातलाच आहे, स्टॅफिलोकोकस ऑरियस. कासदाह झालेल्या सडातून येतो, धार काढणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतूनही येतो. दूध कोमट राहिलं की तो वाढतो आणि त्याच्या काही जाती दुधात विष सोडतात. हा जंतू उकळल्यावर मरतो, पण त्याचं विष अर्धा तास उकळूनही टिकू शकतं. असं दूध पोटात गेलं की बहुधा एक ते सहा तासांत मळमळ, उलट्या आणि पोटात मुरडा सुरू होतो. धडधाकट माणूस एक-दोन दिवसांत सावरतो, पण लहान लेकरू किंवा म्हातारं माणूस उलट्यांनी सुकून जातं.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. 2000 साली जपानमध्ये ओसाका भागात 13 हजारांहून जास्त लोक दुधाने आजारी पडले. मूळ सापडलं उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावरच्या दूध पावडरीच्या कारखान्यात. मार्चमध्ये तिथली वीज गेली होती, दूध काही तास कोमट राहिलं आणि त्यात विष तयार झालं. नंतर त्या दुधाला रीतसर उष्णता दिली, जंतू मेले, पावडर झाली. ती पावडर पुढे दुसऱ्या दुधात मिसळली गेली आणि विष लोकांच्या पोटात पोचलं. एवढ्या यंत्रांना जे जमलं नाही, ते आपल्या पातेल्याला कसं जमणार?

मग घरी काय करायचं? दुधाचा इतिहास विचारायचा. समजा, निरोगी गाईचं कच्चं दूध लगेच फ्रिजमध्ये ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी उकळताना फाटलं आणि वास स्वच्छ आंबूस आहे. असं दूध पूर्ण उकळून त्याचं पनीर करून त्याच दिवशी संपवायला माझी हरकत नाही. धोका शून्य नाही, पण कमी आहे. लहान लेकरं, गरोदर बाई आणि आजारी माणसाला मात्र तेही देऊ नये.

याउलट सकाळी सहाचं दूध अकरापर्यंत उन्हाळी स्वयंपाकघरात किटलीत राहिलं आणि फाटलं, तर टाकून द्या. सकाळी तापवलेलं दूध दिवसभर बाहेर राहून नासलं तरी तेच. तापवताना काही जंतूंची बीजं जिवंत राहतात, आणि ती वाढलेलं दूध कधीकधी आंबट न होताच फाटतं, कडवट लागतं. दुधाला तार सुटत असेल, रंग किंवा वास बदलला असेल तर चाखूनही बघू नका.

ताजं, गोड दूधच उकळताना फाटलं तर नजर गाईकडे वळवा. नुकती व्यायलेली असेल तर चिकामुळे फाटतं. नसेल तर प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घ्या. गुठळ्या दिसल्या की तो कासदाह समजा आणि डॉक्टरांना बोलवा. ते दूध घरातही नको, कॅनमध्येही नको.

सर्वात जास्त राग मला खायच्या सोड्याचा येतो. चिमूटभर सोड्याने आम्ल मारलं जातं, दूध फाटत नाही, पण विषाला काहीच होत नाही. फाटणं ही दुधाने दिलेली सूचना होती, तीच आपण बंद करतो. विक्रीच्या दुधात सोडा घालणं तर सरळ भेसळ आहे.

उकळायचं ते ताजं दूध. धार काढल्यावर गाळून लगेच तापवा, किंवा किटली गार पाण्यात बुडवून ठेवा आणि लवकर केंद्रावर पोचवा. दुधाची राखण पहिल्या दोन तासांत होते, नंतरच्या उकळीने नाही.