भट्टीला जायच्या आधी यादीत नाव चढवा



यंदा आपल्या पाड्यापाड्यांवर पुष्कळ पोरंपोरी अठरा वर्षांची झाली. त्यांना आम्ही विचारतो, मतदारयादीत नाव चढवलं का? उत्तर येतं, "नाव नसलं तर काय अडतंय? निवडणूक पाच वर्षांनी येते, तेव्हा बघू." या उत्तरावर आम्हाला भांडायचं आहे, म्हणून हे पान.

काय अडतं ते आधी पाहू. १९९६ चा पेसा कायदा आपण मोर्च्यात घोकतो. त्याच्या चौथ्या कलमात ग्रामसभा म्हणजे कोण ते लिहिलंय: गावपातळीवरच्या पंचायतीच्या मतदारयादीत ज्यांची नावं आहेत ती माणसं. २००६ च्या वनहक्क कायद्यात तसं नाही, तिथं गावातले सगळे प्रौढ ग्रामसभेत धरले जातात. म्हणजे वनदाव्याच्या सभेत तुम्ही हात वर करू शकता, पण पंचायतीच्या खर्चाची सभा असली आणि कोणी यादी काढून बसला तर तुम्ही नुसते बघे. एकोणीस वर्षांची पोर सभेत उभी राहून पाण्याच्या टाकीचा हिशोब मागते आणि समोरचा म्हणतो, तुझं नाव दाखव. तेव्हा काय दाखवणार?

आणि पंचायतीची यादी काही वेगळी बनत नाही. विधानसभेची जी यादी असते तीच प्रभागाप्रमाणे फोडून ग्रामपंचायतीला, पंचायत समितीला, जिल्हा परिषदेला वापरतात. एका ठिकाणी नाव नाही म्हणजे कुठंच नाही.

आता आपली नावं राहतात का, ते बघा. पोरं आळशी आहेत असं तालुक्याच्या कचेरीत बसून म्हणणं सोपं आहे. आम्ही म्हणतो, कॅलेंडर बघा. यादीची मोठी दुरुस्ती दरवर्षी दिवाळीच्या आसपास सुरू होते. २०२२ साली प्रारूप यादी ९ नोव्हेंबरला लागली, हरकती आणि नवे अर्ज ८ डिसेंबरपर्यंत घेतले. त्या वर्षी दिवाळी होती २४ ऑक्टोबरला. भात झोडलं, नागली घरात आली, दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची माणसं भिवंडी, वसई, पनवेलच्या वीटभट्ट्यांवर जातात. बीएलओ, म्हणजे यादीचं काम बघणारा मास्तर नाहीतर अंगणवाडीताई, पाड्यावर येते तेव्हा दाराला कुलूप असतं, अंगणात म्हातारी आणि कोंबड्या. नवीन नाव चढत नाही, आणि जुन्या नावापुढंसुद्धा "स्थलांतरित" असा शेरा पडू शकतो.

हा शेरा कायद्याला धरून नाही, हे प्रत्येकाने पाठ करावं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमात लिहिलंय की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस तेवढ्यावरून आपल्या गावचा रहिवासी राहत नाही असं होत नाही. सहा महिने विटा थापल्या म्हणून आपण भिवंडीकर होत नाही. बावीसावं कलम म्हणतं, इथं राहत नाही या कारणाने नाव काढायचं तर आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. कुलूप बघून केलेली खूण म्हणजे संधी नव्हे.

पण नव्या पोरांना भांडायची वेळच येऊ नये असा रस्ता आता आहे. पूर्वी वर्षात एकच तारीख होती, १ जानेवारी. २ जानेवारीला अठरा पूर्ण केले तर पुढच्या जानेवारीपर्यंत थांबा. १ ऑगस्ट २०२२ पासून चार तारखा झाल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. ज्या तारखेला तुमचे अठरा भरलेले असतील त्या तारखेपासून तुम्ही यादीत बसता. सतरा पूर्ण असतील तर अर्ज आगाऊही भरून ठेवता येतो, तुमची तारीख आली की तो विचारात घेतात.

आपल्यासाठी यातल्या कामाच्या दोन, जुलै आणि ऑक्टोबर. का, ते एका पोरीचं उदाहरण धरून सांगतो. समजा तिचा जन्म १४ मे २००७ चा. १४ मे २०२५ ला ती अठराची झाली, तेव्हा ती बापाबरोबर भट्टीवर होती. जूनच्या तोंडावर घरी आली. १ जुलै ही तिची तारीख. तिने जूनमध्ये नमुना ६ भरला तर चौकशीला बीएलओ येईल तेव्हा ती आवणीच्या चिखलात असेल, पण गावात असेल. हाक मारली की बांधावर येईल. जुना नियम असता तर तिची तारीख १ जानेवारी २०२६, आणि अर्जाची चौकशी नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे ती पुन्हा भट्टीवर. पोर तीच, कागद तेच. फक्त अर्जाचा महिना बदलला.

तेव्हा नमुना ६ पावसातच भरायचा. बीएलओकडे किंवा तहसीलमध्ये फुकट मिळतो. मोबाइलला रेंज असेल तर voters.eci.gov.in वरूनही भरता येतो. आपल्याकडे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, म्हणून आम्ही कागदाचीच बाजू घेतो. एक फोटो, वयाचा एक पुरावा, राहण्याचा एक पुरावा, आणि घरातल्या कोणाचं नाव आधीच यादीत असेल तर त्याच्या मतदार कार्डाचा नंबर.

वयाच्या पुराव्यावर सगळ्यात जास्त गाडी अडते. मास्तरने शाळेत घालताना लिहिली म्हणून आपल्याकडे अर्धा पाडा १ जूनला जन्मलेला आहे, आणि आधारवाल्याने नुसतं साल विचारलं म्हणून उरलेला अर्धा १ जानेवारीला. हसण्यावारी नेऊ नका. दोन कागदांवर दोन तारखा असल्या की अर्ज लटकतो. जन्मदाखला असेल तर तो लावा. नसेल तर आधार, किंवा जन्मतारीख छापलेलं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र चालतं. यातलं एकही नसेल तर दुसरा कुठला कागद आहे तो जोडायची सोय नमुन्यातच दिलेली आहे. "जन्मदाखला नाही, अर्ज घेत नाही" असं कोणी म्हणालं तर नमुना ६ त्याच्यासमोर उघडून ती ओळ वाचायला लावा.

आधारचंही तसंच. आधार नंबर दिलाच पाहिजे अशी सक्ती नाही. माझ्याकडे आधार नाही म्हणून देऊ शकत नाही, अशी खूण करायची जागा नमुन्यात आहे. राहण्याचा पुरावा तुमच्या नावाचाच हवा असंही नाही. आईबापांचं नाव त्याच पत्त्यावर यादीत असेल तर त्यांच्या नावाचा सातबारा, लाइटबिल, पोस्टाचं पासबुक चालतं. यातलं काहीच नसेल तरी अर्ज मरत नाही, बीएलओने पाड्यावर येऊन खात्री करायची असते. म्हणून तर घरी असताना अर्ज करा म्हणतो.

अर्ज दिला की खालची पोच फाडून घ्या. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं धरा. तुमचं नाव नव्या अर्जांच्या यादीत लागतं, हरकतीला सात दिवस असतात, मग मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतो. नाकारलं तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे अपील करता येतं. तिथंही नाकारलं तर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा: उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीसाठी यादी बंद. गावात जीप फिरू लागल्यावर जागं झालेल्याला आम्हीही मदत करू शकत नाही.

काही शहाणे सांगतात, भट्टीच्या गावातच नाव घाला, सोपं पडेल. कायद्याने एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी राहतं. तिकडं घातलंत तर इकडची ग्रामसभा गेली. आणि तो भट्टीमालक पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावेल याची कोण खात्री देतो? घर, जमीन, देव जिथं आहे तिथंच नाव ठेवा. दोन्हीकडं ठेवायला जाऊ नका, अर्जात खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे.

लगीन होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या पोरींचं वेगळं आहे. माहेरी नाव चढलेलं असेल तर सासरी पुन्हा नमुना ६ भरायचा नाही, नमुना ८ भरून नाव हलवून घ्यायचं. माहेरी चढलंच नसेल तर सासरच्या पत्त्यावर नमुना ६. "बाई सभेत बसून काय करणार" म्हणणाऱ्या सासऱ्यांशी वाद घालायला आमच्या पोरी समर्थ आहेत, कागद मात्र हाताशी ठेवा.

आणखी एक घोळ. खिशात कार्ड आहे म्हणजे मत आहे असं पुष्कळ जण समजतात. मत यादीवर असतं, कार्ड फक्त ओळख दाखवतं. नाव काढलं गेलं तर कार्ड शाबूत राहूनही केंद्रावरून परत यावं लागतं. उलट नाव यादीत असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आजवरच्या निवडणुकांत आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड किंवा फोटो असलेलं पासबुक दाखवून मत देता आलेलं आहे. म्हणून आमचं म्हणणं, ऑगस्टच्या ग्रामसभेत बीएलओकडून पाड्याची यादी मागा आणि मोठ्याने वाचा. मेलेले कोण, राहिलेले कोण, हलवलेले कोण, हे आपल्याला कचेरीपेक्षा जास्त कळतं.

मत कोणाला द्यायचं ते या पानात लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. कोणताच पसंत नसेल तर मशीनवर शेवटी नोटाचं बटण आहे. ते दाबायलाही यादीत नाव लागतं.

राहिलं मतदानाच्या दिवसाचं. तो दिवस भट्टीच्या हंगामात आला तर मालकाने सुट्टी द्यायची असते आणि त्या दिवसाचा रोज कापायचा नसतो. १९५१ च्या कायद्याचं १३५ ब हे कलम रोजंदारीवरच्या मजुरालाही लागू आहे. न दिली तर मालकाला दंड आहे, पाचशे रुपयांपर्यंत, म्हणजे त्याला फारसा न बोचणारा. गावी यायचं बसभाडं कायद्यात कुठंच नाही. म्हणून दिवाळीआधी मुकादम उचल द्यायला पाड्यावर येईल तेव्हाच, पैसे हातात घेण्याआधी, चारचौघांसमोर त्याच्याकडून सुट्टीचं आणि भाड्याचं वदवून घ्या.