कटले, पण पोचले नाहीत

ऊर्जानगरच्या बाजारात भाजीच्या गाड्यावर हा संवाद नेहमीचा. गिऱ्हाईक फोन दाखवतं, "भाऊ, माझे पैसे कटले." पैसे आल्याचं सांगणाऱ्या डब्याकडे बघत भाजीवाला म्हणतो, "पण डबा बोलला नाही जी." खोटं दोघांपैकी कोणीच बोलत नसतं. संगणकाच्या खातेवहीत 'व्यवहार' कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे पाहिलं की भानगड कळते.

आधी सोपा प्रकार घेऊ. दोन्ही खाती एकाच बँकेत, एकाच डेटाबेसमध्ये आहेत. पाचशे रुपये पाठवायचे, तर डेटाबेसला असं सांगतात:

```sql
BEGIN;
UPDATE khate SET shillak = shillak - 500
 WHERE id = 11 AND shillak >= 500;
UPDATE khate SET shillak = shillak + 500
 WHERE id = 24;
COMMIT;
```

`BEGIN` ते `COMMIT` हा एक व्यवहार. मध्येच सर्व्हर बंद पडला, तर पहिली वजावटही पुसली जाते. घडलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. हा झाला ॲटॉमिक गुण. थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर या दोन जर्मन संशोधकांनी 1983 साली असे चार गुण 'ॲसिड' या आद्याक्षरांत बांधले. पण हे चारही एका तोलाचे आहेत, हे मला कधीच पटलेलं नाही.

वरच्या ओळींतच एक खड्डा आहे. अकरा नंबरच्या खात्यात तीनशेच रुपये असतील, तर पहिली आज्ञा शून्य ओळी बदलते. डेटाबेसच्या लेखी ही चूक नव्हे. तो निवांतपणे पुढे जातो, चोवीस नंबरला पाचशे जमा करतो आणि व्यवहार पक्का करतो. बँकेत पाचशे रुपये हवेतून आले! म्हणजे ॲटॉमिक असूनही हिशेब चुकला. उपाय असा की किती ओळी बदलल्या ते प्रोग्रॅमने तपासायचं आणि शून्य आलं तर `ROLLBACK` म्हणायचं. तक्त्यावर `CHECK (shillak >= 0)` असा नियम घालून `WHERE` मधली शिल्लकेची अट काढली, तर डेटाबेस स्वतःच व्यवहार नाकारतो. पण वजावट आणि जमा सारखी असावी, हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कसं कळणार? कन्सिस्टंट राहण्याची अर्धी जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचीच असते.

आयसोलेशन तर पायऱ्यांनी मिळतं. नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात आठशे आहेत आणि दोघांनी एकाच क्षणी पाचशे-पाचशे पाठवले. प्रोग्रॅम आधी शिल्लक वाचून, स्वतः वजाबाकी करून उत्तर लिहीत असेल, तर दोघांनाही आठशेच दिसतात आणि दोघंही तीनशे लिहितात. हजार गेले, तीनशे उरले. पोस्टग्रेसची ठरलेली पातळी, `READ COMMITTED`, हे थांबवत नाही. वरच्यासारखी वजाबाकी आणि अट आज्ञेतच ठेवली, तर दुसरा व्यवहार पहिला संपेपर्यंत थांबतो, नवी शिल्लक तीनशे पाहतो आणि शून्य ओळी बदलून परततो.

ड्युरेबल हा गुण त्यामानाने सरळ. `COMMIT` झाल्याचं उत्तर देण्याआधी बदलांची नोंद डिस्कवरच्या लॉगमध्ये पोचवायची. मग वीज गेली तरी सर्व्हर पुन्हा सुरू होताना तो लॉग वाचून खाती जुळवून घेतो. वेगासाठी पोस्टग्रेसमधलं `synchronous_commit` बंद करता येतं, पण मग ऐन वेळी वीज गेली तर शेवटच्या क्षणांतले, 'झाले' असं सांगितलेले व्यवहार हरवू शकतात. पैशाच्या कामात ही काटकसर नको.

आता भाजीवाल्याकडे परत येऊ. गिऱ्हाइकाची बँक वेगळी, भाजीवाल्याची वेगळी, आणि मध्ये एनपीसीआयची यूपीआय यंत्रणा. दोन डेटाबेस, दोन वेगळे व्यवहार. गिऱ्हाइकाच्या बँकेत वजावट पक्की झाली आणि पुढचा निरोप अडकला, तर ती वजावट `ROLLBACK` करता येत नाही. उलटी नोंद म्हणून नवा व्यवहारच करावा लागतो. तोवर पैसे कटलेले दिसतात, आणि ते खरंच कटलेले असतात.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये या मधल्या काळाला मुदत घातली. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत. दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत. एटीएममधून नोटा न येता पैसे कटले, तरी पाचच दिवस. त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची आहे.

खात्यातून खात्यात पाठवण्यापेक्षा एटीएमला जास्त मुदत आहे, ती मला रास्त वाटते. अडकलेली नोट हा डेटाबेसमधला आकडा नव्हे. यंत्राच्या पेटीतली रोकड आणि त्याची नोंद जुळवल्याशिवाय नोट बाहेर पडली की नाही हे कळत नाही. यूपीआयचा तपास मात्र नोंदींपुरताच असतो. त्यासाठी ॲपमधला बारा अंकी यूटीआर क्रमांक टिपून ठेवावा. दोन्ही बँका याच क्रमांकाने आपापल्या वहीत नोंद शोधतात. आणि अडकलेल्या व्यवहाराचा निकाल लागण्याआधी घाईने पुन्हा पैसे पाठवले, तर तो आणखी एक स्वतंत्र व्यवहार होतो. उशिरा का होईना पहिलाही पार पडला, तर भाजीचे पैसे दोनदा जातात.