जलोदरात ताप आला, तर पोटातील पाणी त्याच दिवशी तपासावे

यकृताचा सिरोसिस हा केवळ मद्यपींचा आजार, असा समज आपल्या निर्व्यसनी कुटुंबांत आढळतो. वस्तुतः मधुमेह, स्थूलता आणि यकृतात साठणारी चरबी यांमुळेही तो उद्भवतो. अशा रुग्णाच्या पोटात पाणी साठले की त्यास जलोदर म्हणतात. आतड्याला छिद्र न पडताही या पाण्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो. आतड्यातील जंतू त्याची भिंत ओलांडतात, दुर्बल यकृत त्यांना अडवू शकत नाही आणि पोटातील पाण्यात संरक्षक प्रथिने अल्प असल्याने ते तेथे वाढतात.

समजा, ५८ वर्षांचे, ६० किलो वजनाचे एक कापडव्यापारी जलोदराने आजारी आहेत. दोन दिवस त्यांना ताप आहे आणि पोट मंद दुखते. घरचे अपचन समजून ओवा देतात. तिसऱ्या दिवशी त्यांना नेहमीचा हिशेब जुळत नाही, दिवसा झोप येते. हा गोंधळ म्हणजे संसर्गाचा परिणाम मेंदूवर होऊ लागल्याची खूण असू शकते. काही रुग्णांत तर ताप किंवा वेदना मुळीच नसतात. केवळ अशी सुस्ती किंवा लघवी कमी होणे दिसते.

रुग्णालयात डॉक्टर पोटाच्या खालच्या बाजूस, बहुधा डावीकडे, जागा बधिर करून सुईने थोडे पाणी काढतात. सिरोसिसमध्ये रक्त गोठण्याची चाचणी बिघडलेली असतेच. तेवढ्यासाठी ही तपासणी सहसा थांबवत नाहीत. आपल्या रुग्णाच्या पाण्यात दर घन मिलिमीटरमागे ८०० पांढऱ्या पेशी आढळल्या. त्यांपैकी ८० टक्के, म्हणजे ६४०, न्यूट्रोफिल होत्या. ही संख्या २५० किंवा अधिक असल्यास संसर्ग गृहीत धरून लगेच उपचार सुरू होतात. जंतूंच्या कल्चरचा अहवाल येण्यास दिवस लागतात आणि अनेकदा त्यात जंतू सापडतही नाहीत. म्हणून त्याची वाट पाहत नाहीत.

घरून आलेल्या रुग्णास बहुधा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन किंवा सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविक शिरेतून ५ ते ७ दिवस देतात. रुग्णालयात लागलेल्या संसर्गास अधिक प्रभावी औषध लागू शकते. सोबत मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी अल्ब्युमिन दिले जाते: पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम, येथे ९० आणि ६० ग्रॅम. हे महाग औषध अनावश्यक ‘टॉनिक’ वाटू शकते. परंतु १९९९ च्या एका स्पॅनिश अभ्यासात अल्ब्युमिनमुळे मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले.

४८ तासांनी पाणी पुन्हा तपासतात. पेशी किमान चतुर्थांशाने घटल्या नाहीत, तर प्रतिजैविक बदलावे लागते किंवा आतड्यास छिद्र आहे काय, हे स्कॅन करून पाहावे लागते. येथे संख्या १५० झाली; औषध लागू पडले.

हा संसर्ग पुन्हा होण्याचा संभव मोठा असतो, म्हणून डॉक्टर पुढे प्रतिबंधक गोळी सुचवू शकतात. ती स्वतःहून बंद करू नये. आणि जलोदराच्या रुग्णास पोटदुखीवर डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके घरी कदापि देऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंडांना इजा होते.