वाक्य तोडावे, अट तोडू नये

छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) वाल्मी ही जल व भूमी व्यवस्थापनाची संस्था आहे, आणि गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाचे मुख्यालयही आहे. साहजिकच पाण्यावरचे पुष्कळ तांत्रिक लेखन या गावात होते, आणि त्यातले काही संपादनासाठी आमच्यासारख्यांच्या हाती येते. या लेखनातील लांब वाक्ये तोडावीत की नाही, याविषयी आमचे एक मत बनले आहे. ते येथे मांडत आहोत.

प्रश्न केवळ शैलीचा नाही. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून राज्याचे सिंचन दहा वर्षांत अवघे ०.१ टक्का वाढल्याचे दिसले. नोव्हेंबर २०१२ मध्ये शासनाने काढलेल्या श्वेतपत्रिकेने मात्र ५.१७ टक्के वाढ सांगितली. अशा वादात 'सिंचित' कशाला म्हणायचे हे शेवटी एखाद्या वाक्यावर ठरते. ते वाक्य संदिग्ध असेल, तर आकडाही संदिग्ध होतो.

आमच्यापुढे आलेल्या एका मसुद्यातील वाक्य साधारण असे होते: 'ज्या प्रकल्पाचे कालवे पूर्ण झाले आहेत त्या प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातील, ज्या वर्षी धरणातील साठा अपुरा असल्यामुळे रब्बीचे आवर्तन सोडता आले नाही त्या वर्षी विहिरींवर भिजलेले आणि कालव्याच्या पाझराचा लाभ झालेले क्षेत्र, त्याची पाणीपट्टी आकारली गेली असल्यास, सिंचित क्षेत्रात धरण्यात यावे.'

मराठीत क्रियापद शेवटी येते आणि विशेषणे नामाआधी साचत जातात. त्यामुळे 'क्षेत्र' या शब्दापर्यंत पोचेतो वाचकाला चार गोष्टी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. आमचा पहिला प्रयत्न सरळ होता, आणि तो फसला. आम्ही लिहिले: 'प्रकल्पाचे कालवे पूर्ण झाले आहेत. साठा अपुरा असल्यामुळे रब्बीचे आवर्तन सोडता आले नाही. विहिरींवर क्षेत्र भिजले. पाणीपट्टी आकारली गेली. हे क्षेत्र सिंचित धरावे.' वाचायला हे सोपे आहे, पण आता हा नियम उरला नाही, हकीकत झाली. 'ज्या-त्या' आणि 'असल्यास' गेले की अटींची विधाने होतात. वाक्ये तोडताना होणारी सर्वांत मोठी हानी हीच, आणि ती सहसा लक्षात येत नाही. कारण प्रत्येक सुटे वाक्य निर्दोष असते.

दुसऱ्या वेळी आम्ही आधी अटी मोजल्या आणि प्रत्येक अट कशाला लागू आहे ते लिहून काढले. तेव्हा मूळ वाक्यातलीच दोन भोके दिसली. एक, 'आणि' म्हणजे काय? विहिरीवर भिजलेल्या क्षेत्राला पाझराचाही लाभ हवा, की ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत? दोन, आवर्तन सुटलेच नाही, तर पाझर आला कोठून? मसुदाकर्त्यांना विचारले. दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात, आणि पाझर त्याच वर्षीच्या खरीप आवर्तनाचा, असे उत्तर मिळाले. मग मजकूर असा झाला:

'हा नियम फक्त कालवे पूर्ण झालेल्या प्रकल्पांना लागू आहे. धरणातील साठा अपुरा पडून रब्बीचे आवर्तन सोडता आले नाही, अशा वर्षापुरताच तो लागू आहे. अशा वर्षी लाभक्षेत्रातील विहिरीवर भिजलेले क्षेत्र, पुढील दोन्ही अटी पूर्ण होत असतील तरच, सिंचित धरावे. पहिली अट: त्या क्षेत्राला त्याच वर्षीच्या खरीप आवर्तनाच्या पाझराचा लाभ झालेला असावा. दुसरी अट: त्या क्षेत्राची पाणीपट्टी आकारलेली असावी.'

शब्द वाढले आणि 'क्षेत्र' पुन्हापुन्हा आले. ललित लेखनात हा दोष ठरला असता. येथे मात्र 'ते', 'त्याचे' अशी सर्वनामे योजली, तर क्षेत्र, विहीर आणि कालवा यांपैकी कोणते, असा संशय उरतो.

तोडलेले वाक्य मूळ अर्थाशी इमानदार आहे की नाही, हे शेताच्या उदाहरणाने तपासता येते. अशा वर्षी विहिरीवर भिजलेली तीन शेते घ्या. पहिले २ हेक्टरांचे. पाणीपट्टी आकारली, पण पाझर नाही. दुसरे ३ हेक्टरांचे. पाझर आहे, पण आकारणी नाही. तिसरे ४ हेक्टरांचे, दोन्ही आहे. नव्या मजकुराने सिंचित क्षेत्र ४ हेक्टर येते. जुन्या वाक्यातील 'आणि' दोन वेगळ्या क्षेत्रांसाठी आहे असे मानले, तर तेच ६ हेक्टर होते. दोन वाचकांनी वेगळे बसून एकच आकडा काढला, तरच मजकूर पुढे पाठवावा.

एक मर्यादा मात्र पाळावी. नियम आणि त्याला बांधणारी अट यांच्यामध्ये पूर्णविराम देऊ नये. 'विहिरीवर भिजलेले क्षेत्र सिंचित धरावे' एवढेच वाक्य कागदावर सुटे सापडले, तर उद्या कोणीही तेवढेच उद्धृत करील, आणि त्याला खोटे ठरवणे अवघड जाईल. म्हणून वरच्या मजकुरात 'दोन्ही अटी पूर्ण होत असतील तरच' हे शब्द आम्ही त्याच वाक्याच्या पोटात ठेवले आहेत. तिथे वाक्य थोडे लांबले, याची आम्हांला खंत नाही.